'इत्यादी'चं बिल कोण भरणार?

आधीच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीचा पेपर हा माझ्यासाठी दहावीपर्यंत वार्षिक संकट होता. तेव्हा या लेखात ऱ्हस्व-दीर्घाची जी काही पडझड होईल ती संपादक मंडळाने सावरून घ्यावी. पण विषय असा आहे की तो मराठीतच सुचला, कारण ज्या शब्दाने आमच्या ग्रुपचा घात केला तो शब्द रोजच्या मराठीतला आहे. 'इत्यादी'.

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. आम्ही चौघांनी एका छोट्या वर्कशॉपसाठी प्रोजेक्ट घेतला होता. मालक भला माणूस. चहा पाजायचा, पाठीवर थाप मारायचा. सिनॉप्सिसमध्ये आम्ही लिहिलं होतं: 'मशीनची देखरेख, नोंदी इत्यादी सुलभ करणारी आधुनिक प्रणाली विकसित करणे.' मालकांनी वाचलं, म्हणाले, 'झकास!' आणि सही ठोकली. चार महिन्यांनी आम्ही जे नेऊन ठेवलं ते बघून ते म्हणाले, 'हे ठीक आहे, पण स्टोअरचा हिशेब कुठाय? तो तर त्यात होताच ना?' कुठे होता? 'इत्यादी'मध्ये! आमच्या 'इत्यादी'मध्ये स्टोअर नव्हतं, त्यांच्या 'इत्यादी'मध्ये होतं. दोघंही खरं बोलत होतो. सुट्या भागांचे नऊ हजार रुपये आमच्या खिशातून गेले होते, ते गेलेच. त्यातले चार हजार एकट्या 'काकां'चे. (आमच्या ग्रुपमधल्या एकाला सगळे काकाच म्हणतात.) त्या महिन्यात काकांनी मेसचं बिल उधारीवर ठेवलं आणि आमच्याशी बोलणं सोडलं. म्हणून म्हणते, हा विषय नुसता व्हायवापुरता नाही.

या सेमिस्टरला आम्हाला नवीन स्पॉन्सर मिळाले. आपल्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी, हॉस्टेललाच राहिलेले. नाव छापायचं नाही या अटीवर वीस हजार रुपयांपर्यंत द्यायला तयार. विषय आम्ही सुचवला. बाहेरगावची मुलं-मुली अॅडमिशनच्या दिवसांत स्वारगेटला उतरतात आणि तिथून पुढे कॉलेजला कसं यायचं याचा त्यांना पत्ता नसतो. मी स्वतः 2023 साली सातारच्या गाडीतून उतरले, हातात ट्रंक, पाठीला सॅक, सोबत आई. एसटी स्टँड, शेजारी पीएमपीचा स्टँड, बाहेर जेधे चौक, सगळीकडून गाड्या. आम्ही मायलेकी ट्रंक घेऊन चांगली प्रदक्षिणा घातली होती! तेव्हा मेट्रो स्वारगेटपर्यंत आलेली नव्हती. 29 सप्टेंबर 2024 ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि त्याच आवारात आणखी एक दार उघडलं, जमिनीखालचं. नवख्या माणसाला आता पर्याय वाढले आणि त्याबरोबर प्रश्नही.

तर आम्ही मोठ्या उत्साहाने प्रोजेक्ट चार्टर लिहिलं. चार्टर म्हणजे प्रोजेक्ट अधिकृतपणे सुरू करणारा कागद. त्यावर सही करणारा स्पॉन्सर म्हणतो, 'हे काम करा, त्यासाठी हे पैसे आणि हा वेळ मी देतोय.' आमची उद्दिष्टं अशी होती:

'1. स्वारगेट येथे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रवास सुखकर करणे. 2. आधुनिक तंत्रज्ञानाद्वारे बस, मेट्रो इत्यादींची माहिती सुलभ करणे. 3. सार्वजनिक वाहतुकीच्या वापरास चालना देणे.'

बघा, 'इत्यादी' परत आलंच! सवय जात नाही.

स्पॉन्सर सरांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, 'पोरांनो, हे सगळं मला मान्य आहे. पण मी नक्की कशाला हो म्हणतोय ते सांगा.'

आम्ही गप्प. मला तेव्हा राग आला होता. मान्य आहे तर सही करा ना! पण हॉस्टेलवर परत येताना लक्षात आलं की ज्या वाक्याला कुणी नाही म्हणूच शकत नाही, त्याला हो म्हणण्यातही काही अर्थ नाही. प्रवास सुखकर करू नका असं कोण म्हणेल? मंजुरी द्यायची तर नाकारण्यासारखं काहीतरी समोर हवं. माझ्या मते चार्टरची पहिली परीक्षा हीच. आपलं वाक्य असं आहे का, की समजूतदार माणूस ते वाचून 'नाही, हे नको' असं म्हणू शकेल? नसेल, तर ते उद्दिष्ट नाही, सुविचार आहे.

मग आमच्या गाइड मॅडमनी आम्हाला ते वाक्य सोलायला बसवलं. पद्धत अगदी साधी. 'विद्यार्थ्यांचा प्रवास सुखकर करणे' यातल्या एकेका शब्दाला प्रश्न विचारायचा. विद्यार्थी कोणते? सगळ्या पुण्याचे? नाही, आपल्या हॉस्टेलला पहिल्यांदा येणारे फर्स्ट इयरचे. प्रवास कुठून कुठे? घर ते कॉलेज? नाही. एसटीतून किंवा मेट्रोतून स्वारगेटला उतरल्यापासून कॉलेजकडे येणाऱ्या बसच्या थांब्यापर्यंत. केव्हा? अॅडमिशनच्या दिवसांत. आणि 'सुखकर' म्हणजे काय? इथे आम्ही अडकलो. काका म्हणाले, 'गर्दी नको.' दुसरा म्हणाला, 'एसी बस.' मॅडम म्हणाल्या, 'तुमच्या हातात यातलं काय आहे?' काहीच नाही! आमच्या हातात फक्त एक गोष्ट होती, माणूस हरवू न देणं. म्हणजे 'सुखकर'चा आमच्यापुरता अर्थ 'न चुकता आणि लवकर थांबा सापडणं'.

पुढचा प्रश्न सगळ्यात त्रासाचा. आज ते किती होतं? सुधारणा करणार म्हणता, तर आजचा आकडा काय? आम्ही फर्स्ट इयरच्या, स्वारगेटला कधी न उतरलेल्या दहा जणांना वडापावच्या लाचेवर पटवलं. पाच जणांना एसटी स्टँडच्या आत सोडलं, पाच जणांना मेट्रोच्या फलाटावर. सांगितलं, कॉलेजकडच्या बसचा थांबा शोधा. फोन वापरा, पण माणसाला विचारायचं नाही. घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांच्या आत चौघं पोचले. दहा जणांवरून जगाला काही सांगता येत नाही हे आम्हालाही कळतं. पण आमच्या प्रोजेक्टला सुरुवातीचा खुंटा मिळाला. मग उद्दिष्ट असं झालं:

'स्वारगेटला पहिल्यांदा उतरलेल्या दहा विद्यार्थ्यांपैकी किमान आठ जणांना, आमचा नकाशा हातात असताना, कुणालाही न विचारता पंधरा मिनिटांत कॉलेजकडच्या बसचा थांबा सापडेल. ही चाचणी 20 जुलैपूर्वी होईल.'

हे वाक्य वाचून सर म्हणू शकतात, 'आठ कमी आहेत, नऊ करा', किंवा 'पंधरा मिनिटं जास्त आहेत', किंवा 'यासाठी मी पैसे देणार नाही'. म्हणजे आता ते वाक्य मंजूर करता येण्यासारखं झालं.

उद्दिष्ट मोजता येईल असं असावं हे आपण सगळ्यांनी मॅनेजमेंटच्या पेपरला पाठ केलंय. 'स्मार्ट' हे आद्याक्षरांचं सूत्र जॉर्ज डोरन यांनी 1981 मध्ये मांडलं आणि तेव्हापासून जगभरची पोरं ते घोकताहेत. पण मला वाटतं आपण तिथेच थांबतो. उद्दिष्ट धारदार केलं तरी स्पॉन्सरला अजून कळलेलं नसतं की त्याच्या हातात काय पडणार आणि काय पडणार नाही. त्यासाठी पुढच्या दोन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे क्रियापदाचं नाम करणं. 'माहिती सुलभ करणे' ही क्रिया आहे, ती हातात घेता येत नाही. डिलिव्हरेबल म्हणजे हातात देता येईल, टेबलावर ठेवता येईल अशी वस्तू. आम्ही शेवटी तीन ठरवल्या. एक, ए-थ्री कागदावर दोन्ही बाजूंनी छापलेला, घडी घालून खिशात मावणारा मराठी-इंग्रजी नकाशा, 500 प्रती. दोन, त्या नकाशाची मूळ फाइल, जी हॉस्टेल ऑफिसला पुढच्या वर्षी बदलता येईल. तीन, चाचणीचा चार पानी अहवाल, सगळ्यांच्या वेळा जशाच्या तशा दिलेला.

आणि प्रत्येक वस्तूपुढे एक ओळ: ती 'झाली' हे कोण ठरवणार आणि कसं? इथे मॅडमनी आमची चांगलीच परेड घेतली. आम्ही लिहिलं होतं, 'नकाशा अचूक असेल.' मॅडम म्हणाल्या, 'अचूक कुणाच्या मते?' बदलून लिहिलं: 'छपाईआधीच्या सात दिवसांत ग्रुपमधले दोघे वेगवेगळे जाऊन प्रत्येक थांबा आणि प्रत्येक प्रवेशद्वार जागेवर तपासतील, दोघांच्या यादीत फरक असेल तर छपाई होणार नाही.' सात दिवस का? कारण थांबे हलतात. कुठे खोदकाम निघालं की थांबा पन्नास पावलं पुढे सरकतो आणि सुंदर छापलेला नकाशा रद्दी होतो. मूळ फाइलची कसोटी तर मला सगळ्यात आवडली: 'हॉस्टेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडून ऑफिसातले काका स्वतः एका थांब्याचं नाव बदलून दाखवतील.' आम्ही बदलून दाखवणं नाही, त्यांनी! कारण पुढच्या वर्षी आम्ही फायनल इयरला प्लेसमेंटच्या मागे धावत असू.

इथे एक सावधगिरी. 500 प्रती वाटल्या म्हणजे उद्दिष्ट साधलं असं नाही. प्रती ही वस्तू, थांबा सापडणं हे फळ. या दोन्हींची गल्लत केली की आकडा गाठूनही काम फसतं. उद्या 500 नकाशे वाटून झाले आणि मुलांनी त्यावर चणे-फुटाणे खाल्ले तर डिलिव्हरेबल शंभर टक्के पूर्ण आणि उद्दिष्ट शून्य. म्हणून चार्टरमध्ये दोन्ही लागतात, वेगवेगळ्या ओळींत.

दुसरी पायरी सीमांची. काय काय करणार हे लिहायला सगळ्यांना आवडतं. काय करणार नाही हे लिहायला हात धजत नाही, कारण वाटतं स्पॉन्सरला आपण कामचुकार वाटू. माझा अनुभव उलटा आहे. सगळ्या चार्टरमध्ये सरांनी सगळ्यात लक्षपूर्वक वाचली ती 'यात नाही' ही यादीच. ती अशी होती:

जागेची सीमा: एसटी स्टँडचं गेट, पीएमपीचे थांबे, मेट्रोची प्रवेशद्वारं आणि यांच्यामधला पायी रस्ता एवढंच. शिवाजीनगर नाही, पुणे स्टेशन नाही. माहितीची सीमा: बसच्या वेळा नाहीत, भाडं नाही, रिक्षा नाहीत, कारण त्या बदलतात आणि त्यांच्यावर आमचा ताबा नाही. हक्काची सीमा: कुणाच्याही आवारात बोर्ड लावणार नाही; त्याला परवानगी लागते आणि ती मिळवणं हा वेगळा प्रोजेक्ट होईल. तंत्रज्ञानाची सीमा: अॅप नाही. काळाची सीमा: 31 ऑगस्टनंतर नकाशा अद्ययावत ठेवणं हॉस्टेल ऑफिसचं काम, आमचं नाही.

सरांनी यादी वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'रिक्षा का नाही?' आम्ही कारण सांगितलं. ते म्हणाले, 'मग रात्री अकराला उतरलेली मुलगी काय करेल? मला पैसे द्यावेसे वाटले ते तिच्यासाठी. माझी बहीण अशीच उतरली होती.'

मित्रांनो, ही गोष्ट आधीच्या दोन मीटिंगमध्ये एकदाही निघाली नव्हती. 'प्रवास सुखकर करणे' या वाक्याला सरांनी मान डोलावली होती, आम्हीही डोलावली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर रात्रीची मुलगी होती, आमच्या डोळ्यांसमोर दिवसाउजेडी ट्रंक घेऊन फिरणारी मी. ही यादी नसती तर जुलैमध्ये आम्ही सुंदर नकाशा त्यांच्या हातात दिला असता आणि ते म्हणाले असते, 'हे ठीक आहे, पण...' तो 'पण' मी एकदा ऐकलाय. नऊ हजारांचा असतो.

मग वाटाघाट झाली. रिक्षाची माहिती आम्ही देऊ शकत नाही, पण हॉस्टेल ऑफिसशी बोलून रात्री दहानंतर फोन उचलला जाईल असा एक नंबर नकाशाच्या दर्शनी भागावर छापू शकतो. जागा कुठून आणायची? तिसरी भाषा म्हणून हिंदी घालायचा विचार होता, तो गाळला. आणि एक गृहीत धरलेली गोष्ट वेगळी लिहिली: 'रात्रीचा नंबर हॉस्टेल ऑफिस चालू ठेवेल. 30 जूनपर्यंत ऑफिसने लेखी होकार दिला नाही, तर ही ओळ छापली जाणार नाही आणि सरांना तसं कळवलं जाईल.' गृहीतकं लिहायची ती अशी, तारखेसकट आणि खोटी ठरली तर काय होईल त्यासकट. रेक्टर सरांनी होकार दिला, तोही लेखी. त्यांचे इथे आभार मानते.

आता कुणी म्हणेल, चार पोरांच्या नकाशासाठी एवढा खटाटोप? मी म्हणेन, स्वारगेटच्याच रस्त्यावर उभे राहा आणि मोठे प्रोजेक्ट बघा. प्रश्न अगदी हाच आहे.

डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट मार्गावर पुण्याची बीआरटी सुरू झाली. पुढे ती हडपसरकडे नेली. मी तेव्हा पाळण्यातही नव्हते किंवा नुकतीच उतरले होते, आईला विचारायला हवं. पण ज्यांनी पाहिलीय ते सांगतात. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून पैसा आला होता. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा गाभा होता की रस्त्यावरून गाड्या नाही, माणसं हलली पाहिजेत. उद्दिष्ट किती छान! बससाठी रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्गिका केल्या आणि थांबेही मधल्या भागात आले. आता प्रवाशाला थांब्यापर्यंत जायचं तर आधी धावत्या वाहतुकीतून अर्धा रस्ता ओलांडायला हवा. बीआरटी सुरू झाली तेव्हा पादपथ आणि रस्ता ओलांडण्याच्या सोयी यांची बरीच कामं अपुरी होती. त्यावर वर्तमानपत्रांतून भरपूर टीका झाली.

माझ्या मते इथे सीमेचा प्रश्न आहे. प्रोजेक्टची हद्द बसच्या मार्गिकेच्या कडेला संपते, की प्रवाशाच्या पावलांबरोबर फुटपाथपर्यंत जाते? मार्गिका हे डिलिव्हरेबल धरलं तर किलोमीटर मोजून काम पूर्ण म्हणता येतं. 'फुटपाथवरच्या माणसाला सुरक्षितपणे बसमध्ये चढता येणं' हे धरलं, तर सिग्नल, झेब्रा, पादपथ हे सगळं पहिल्या दिवसाच्या आधी पूर्ण असायला हवं. दोन्ही हद्दी आखता येतात, पण कोणती आखली हे आधी कळायला हवं.

दुसरं, त्या मार्गाला 'पायलट' म्हटलं गेलं. पायलट या शब्दाकडे मी आता संशयाने बघते. पायलटचं खरं डिलिव्हरेबल रस्ता नसतोच, निर्णय असतो. काय मोजायचं, किती महिने, आणि कोणता आकडा आला तर पुढे जायचं, कोणता आला तर थांबायचं, हे आधी लिहिलं तर तो पायलट. नाहीतर तो नुसता लहान प्रोजेक्ट. पुढे सोलापूर रस्त्यावरची मार्गिका काढून टाकण्यात आली. 2015 मध्ये पुण्यात 'रेनबो' नावाने नव्या मार्गांवर बीआरटी आली, तिच्यात बंदिस्त स्थानकं होती आणि बसला उजव्या बाजूलाही दारं होती. म्हणजे थांबा, बसचं दार आणि मार्गिका यांना एकाच व्याप्तीत धरलं होतं. शिकलो आपण, पण उशिरा.

आणि याच चौकाच्या खाली आज दुसरं उदाहरण आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वारगेट ते कात्रज मेट्रोला मंजुरी दिली. ती मंजुरी वाचून बघा. 5.46 किलोमीटर, पूर्ण भुयारी, मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज अशी तीन स्थानकं, खर्च 2,954.53 कोटी, फेब्रुवारी 2029 पर्यंत पूर्ण. यातल्या प्रत्येक शब्दाला कुणीतरी 'नको' म्हणू शकतं. आणि तसं झालंही! लोकांनी म्हटलं, तीन स्थानकं कमी आहेत. मागण्या झाल्या, आणि 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी दोन स्थानकांना मंजुरी दिली, त्यांच्या वेगळ्या खर्चासकट. कुणी असं म्हणू शकलं नाही की 'ती दोन स्थानकं त्यात होतीच ना?' कारण तीन हा आकडा कागदावर होता. व्याप्ती बदलणं हे पाप नाही. ती सहीशिवाय, गुपचूप बदलणं हे पाप.

आमच्याकडेही मागच्या आठवड्यात तसंच झालं. सरांचा फोन आला, 'अरे, पुणे स्टेशनचाही नकाशा टाका की दुसऱ्या बाजूला!' जुने आम्ही असतो तर 'हो सर, नक्की सर' म्हणून रात्री जागलो असतो. या वेळी मी चार्टर उघडून म्हटलं, 'सर, जागेच्या सीमेत ते नाही. घालायचं तर तपासणी आणि चाचणी मिळून तीन आठवडे जास्त लागतील, म्हणजे अॅडमिशन सुरू होऊन जातील. किंवा इंग्रजी बाजू काढावी लागेल. तुम्ही सांगाल तसं.' पलीकडे क्षणभर शांतता. मग सर हसले, म्हणाले, 'राहू दे. पुढच्या बॅचला देऊ.' भांडण नाही, रुसवा नाही. दोन मिनिटांत संपलं. त्या फोनच्या वेळी काका शेजारीच बसले होते. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी स्वतःहून माझ्यासाठी चहा सांगितला.

या पद्धतीला मर्यादा आहेत हेही सांगते. जिथे नक्की काय बांधायचं हेच माहीत नाही, अशा संशोधनाच्या प्रोजेक्टमध्ये शेवटचं फळ आधी लिहिता येत नाही. तिथे मात्र पहिल्या टप्प्याची सीमा आखता येते: सहा आठवडे, एवढे प्रयोग, आणि शेवटी पुढे जायचं की नाही हे सांगणारं एक पान. शिवाय मोजता येतं तेवढंच महत्त्वाचं मानायचा मोह होतो. आमची पंधरा मिनिटांची कसोटी रात्रीच्या मुलीला लागू पडतच नव्हती, आणि ते आकड्याने नाही, सरांच्या बोलण्याने कळलं. म्हणून चार्टर ईमेलने पाठवून सही मागू नये. समोर बसून, 'यात नाही' ही यादी मोठ्याने वाचावी आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघावं. जिथे कपाळावर आठी पडते तिथे खरी व्याप्ती लपलेली असते.

तर माझं मागणं असं. आपल्या डिपार्टमेंटच्या सिनॉप्सिसच्या फॉर्ममध्ये 'उद्दिष्टे' या शब्दाखाली दहा रेघा आहेत. त्यातल्या पाच काढून तिथे तीन रकाने करावेत: 'हातात काय देणार', 'झालं हे कोण आणि कसं ठरवणार' आणि 'यात काय नाही'. तिसरा रकाना रिकामा असेल तर फॉर्म परत करावा. आणि बाहेरचा स्पॉन्सर असेल तर तिसऱ्या आठवड्याच्या आत, या रकान्यांखाली त्याची सही घ्यावी. एक जास्तीचं पानही लागणार नाही. आमच्या एचओडी सरांना मी हे बोलले. ते म्हणाले, 'विचार करू.' मी लगेच विचारलं, 'कधीपर्यंत, सर?'

सर हसले, पण तारीख दिली नाही. रकाना अजून रिकामा आहे.